देवनारचा बसमार्ग आणि ‘समन्वया’ची कल्पना

नागरी वाहतुकीच्या प्रश्नावर लिहिताना ‘निरनिराळ्या यंत्रणांत समन्वय नाही’ असे म्हणून थांबण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे. हे निदान खोटे नसले तरी अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी देवनार आगारासमोरचा वि. ना. पुरव मार्ग पाहावा. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पत्त्यात ‘देवनार बस आगारासमोर’ असे लिहिण्याचा प्रघात आहे; तेव्हा निरीक्षणासाठी आपल्या अभ्यासकांना फार दूर जावे लागणार नाही.

या मार्गावर बस धावते ती ‘बेस्ट’ची. रस्त्याची निगा महापालिकेचे रस्ते खाते राखते. सिग्नल व वाहतूक-नियमन गृहखात्याच्या अखत्यारीतील वाहतूक पोलिसांच्या स्वाधीन आहे. मेट्रो २ बचे खांब उभे केले ते मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने. बसभाड्याला मान्यता देणारे परिवहन प्राधिकरण आणखी निराळे. आता एक गोष्ट सहसा ध्यानी घेतली जात नाही. ‘बेस्ट’ १९४७ च्या ऑगस्टपासून महापालिकेच्याच मालकीची आहे. म्हणजे बस आणि रस्ता यांचा धनी एकच आहे. असे असूनही खोदकामाने बसची कोंडी होते. यावरून एवढे तरी निश्चित दिसते की, एका छत्राखाली आणल्याने समन्वय आपोआप साधत नाही. ‘बेस्ट’चा निधी व अर्थसंकल्प स्वतंत्र, रस्ते खात्याचा निराळा, आणि दोषाचे मूळ येथेच आहे.

एक काल्पनिक परंतु वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेऊ. देवनारहून सुटून परत येण्यास एका बसला ८० मिनिटे लागतात आणि दर १० मिनिटांनी बस सोडावयाची आहे, असे माना. त्यास ८ बस पुरतात. पुढे रस्त्यात अडथळे उभारले जाऊन एक मार्गिका बंद झाली आणि प्रत्येक दिशेस १५ मिनिटे वाढली. फेरी ११० मिनिटांची झाली. पूर्वीचीच वारंवारता राखावयाची तर ११ बस हव्यात. त्या नसल्यास दोन बसमधील अंतर सुमारे १४ मिनिटांवर जाते. या तीन जादा बस, त्यांचे चालक व वाहक यांचा भार ‘बेस्ट’च्या खात्यावर पडतो, ज्याने मार्गिका बंद केली त्याच्या अंदाजपत्रकात मात्र त्याचा एक पैसाही दिसत नाही.

प्रवाशाचे नुकसान याहूनही अधिक असते, कारण कोंडीत बस समान अंतराने येत नाहीत. दोन पाठोपाठ येतात आणि मग बराच काळ एकही नाही. सरासरी अंतर १४ मिनिटेच राहिले, पण प्रत्यक्षात ते आळीपाळीने २ आणि २६ मिनिटे झाले, असे समजा. बहुतेक प्रवासी साहजिकच लांबच्या अंतरात थांब्यावर येतात. त्यामुळे सरासरी प्रतीक्षा ७ मिनिटांऐवजी सुमारे १२ मिनिटांची होते. आगारातील नोंदवहीत मात्र ‘तासाला इतक्या बस सुटल्या’ हे खरेच असते. थांब्यावर घड्याळ घेऊन तासभर उभे राहिल्याखेरीज हा दोष कळत नाही.

या पार्श्वभूमीवर २००६ चे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण वाचले असता त्यातील उणीव ठळक होते. दशलक्षाहून अधिक वस्तीच्या शहरांत एकात्मिक महानगर वाहतूक प्राधिकरण स्थापावे, अशी शिफारस त्यात आहे. तदनुसार मुंबईसाठी २००८ साली मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली असे प्राधिकरण शासननिर्णयाने अस्तित्वात आले. शासननिर्णयाने निर्माण झालेल्या समितीला स्वतःचा वैधानिक निधी नसतो. आणि कायद्याने पोलिसांकडे किंवा पालिकेकडे असलेले अधिकार तिला काढूनही घेता येत नाहीत. ती बैठक बोलावू शकते, इतिवृत्त लिहू शकते. खर्च ज्याच्या निर्णयाने उद्भवला त्याच्यावर तो टाकण्याचे सामर्थ्य तिच्यापाशी नाही. (अध्यक्षांचे पद जितके उच्च, तितकी थांबा पन्नास फूट सरकवण्याची बाब त्यांच्यापर्यंत पोहोचणे दुष्कर, हेही खरे.)

लंडनचा दाखला येथे नेहमी दिला जातो. तेथील २००० साली स्थापन झालेल्या संस्थेकडे बसचे ठेके, प्रमुख रस्ते आणि सिग्नल ही तिन्ही आहेत, हे त्या यशाचे मर्म आहे. नावातील ‘एकात्मिकता’ नव्हे. तरीही तेथील बहुसंख्य रस्ते स्थानिक परिषदांकडेच राहिले असून बसमार्गिकांवरून वाद होतच असतात. म्हणून त्या नमुन्याची नक्कल सुचविण्याचा माझा हेतू नाही.

सुचवावयाचे ते मर्यादित आहे. खोदकामाची परवानगी देताना पालिकेने त्या मार्गावरील बसफेरीचा वाढणारा वेळ मोजावा आणि जादा बसचा खर्च काम करणाऱ्या यंत्रणेच्या अंदाजपत्रकात धरावयास लावावा. ही मोजणी अशक्य नाही. बसच्या स्थानाची नोंद आता उपग्रहयंत्रणेने होते. अडचण आहे ती काम सुरू होण्यापूर्वीच्या वेळांची. त्या निदान महिनाभर आधी, पावसाळा वगळून, नोंदवून ठेवल्या नाहीत, तर वाढ किती झाली यावर कंत्राटदार, पालिका व ‘बेस्ट’ यांचे एकमत होणे कठीण.