वाईत की पुण्यात?

यंत्राने केलेल्या सारांशाचे रसग्रहण कसे करावे, हे पाहण्यासाठी मी मराठी विश्वकोशाच्या कामावरचे एक वाक्य घेतले. माणसाने लिहिलेला नमुना-सारांश असा: ‘तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत मराठी विश्वकोशाचे संपादन केले.’ त्याच्याशी ताडून पाहायला दोन वाक्ये मीच रचली. पहिल्यात फक्त ‘वाईत’च्या जागी ‘पुण्यात’ आहे. दुसरे असे: ‘मराठी विश्वकोश वाईला घडला, तर्कतीर्थांच्या संपादकत्वाखाली.’

चिन-यू लिन यांनी 2004 मध्ये मांडलेले रूज हे माप दोन मजकुरांतले सारखे शब्द मोजते. पहिल्या वाक्यात नऊपैकी आठ शब्द जुळतात, म्हणजे गुण 0.89. लगतच्या शब्दांच्या जोड्या आठपैकी सहा जुळतात, म्हणजे 0.75. दुसऱ्या, खऱ्या वाक्यात जुळतो तो एकटा ‘मराठी’, आणि गुण पडतात 0.13. ‘विश्वकोश’ आणि ‘विश्वकोशाचे’, ‘वाईत’ आणि ‘वाईला’ हे रूजला परके शब्द वाटतात. प्रत्यय लावून बोलणाऱ्या आपल्या भाषेवर हा अन्याय फार मोठा आहे.

त्याआधी आणखी एक खड्डा आहे. `rouge_score` हे प्रचलित साधन मुळात इंग्रजी अक्षरे आणि आकडेच ठेवते, त्यामुळे शुद्ध देवनागरीला शून्य मिळते. दोन्ही वाक्यांत 1976 हा आकडा तेवढा समान असला, तर बाकी मजकूर कितीही वेगळा असो, गुण पूर्ण! म्हणून निदान मोकळ्या जागांवर शब्द तोडून मोजावे. अचानक शून्य किंवा एक दिसला, की पहिला संशय इथे घ्यावा.

हे ‘पुण्यात’ मी रचले, पण यंत्राच्या सारांशात अशी चूक येते कुठून? सारांश करणाऱ्या एन्कोडर-डिकोडर मॉडेलमध्ये एन्कोडर मूळ लेख वाचून प्रत्येक शब्दाला संदर्भासह आकड्यांचे रूप देतो. डिकोडर त्याकडे पाहत एकेक शब्द लिहितो. पण आपण आधी लिहिलेले शब्द आणि शिकताना अंगी मुरलेली भाषेची सवयही तो वापरतो. मूळ लेखावरची पकड सैल झाली की सवय वाक्य पुरे करते. शिवाय लेख लांब असेल तर शेवटचा भाग कापला जातो. mT5 वर मराठीसह अनेक भाषांसाठी घडवलेल्या XL-Sum मॉडेलला 512 शब्दतुकड्यांपर्यंतच मजकूर दिला जातो. वाईचा उल्लेख त्यापुढे असेल, तर तो त्याच्या वाचनातच येत नाही.

म्हणून मी नमुना-सारांश बाजूला ठेवते आणि मूळ लेख हाती घेऊन सारांशातल्या नाव, गाव, साल आणि क्रियापद या चारांना एकेक करून बोट लावते. पहिले वाक्य गावाशीच अडखळते. दुसरे ओलांडून जाते. त्यातला ‘घडला’ मला फार आवडतो: संपादन हे काम एका माणसाने उरकलेले नसून अनेक हातांनी वाढवलेले होते, हे तो सुचवतो. ‘जोशी’ मात्र गळले आहेत. वाईकराला तर्कतीर्थ म्हटले की पुरते, नागपूरच्या विद्यार्थ्याला कदाचित पुरणार नाही. तिथे मी अर्धा गुण कापते.