तडजोड करणारं गाव

ट्रम्प यांचा खरा फोटो कापून कार्टूनच्या धडावर बसवलेला, आणि ते सैतानाच्या पलंगात शिरतायत. २३ जुलै २०२५ रोजी ‘साउथ पार्क’ या कार्टून मालिकेचा २७वा सीझन सुरू झाला तो या दृश्यामुळे गाजला. जुन्या प्रेक्षकांना त्यात ओळखीची खूण दिसली. १९९९च्या ‘साउथ पार्क’ चित्रपटात सद्दाम हुसेनलाही असंच फोटोचं डोकं होतं आणि त्याचा प्रियकरही हाच सैतान होता. हे झालं विडंबन. माणसाची ढब, आवाज, चेहरा उचलायचा, थोडा ताणायचा आणि प्रेक्षकाला ‘अरे, हा तर तो!’ असं ओळखू द्यायचं.

उपहास त्याच भागात आहे, पण तो पलंगात नाही, साउथ पार्क या गावात आहे. शाळेत येशूला आणून बसवल्यावरून पालक तक्रार करतात, तेव्हा ट्रम्प गावावरच पाच अब्ज डॉलरचा दावा ठोकतात. गावकरी घासाघीस करून पस्तीस लाखांवर येतात आणि वर ट्रम्प यांची स्तुती करणारी जाहिरात काढायचंही कबूल करतात. त्याच महिन्यात मालिकेच्या मालक कंपनीने, पॅरामाउंटने, ट्रम्प यांचा खटला १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला होता. गावकऱ्यांना कुजबुजत ‘सबुरीनं घ्या’ म्हणणारा येशू पॅरामाउंटचं नावही घेतो. थोडक्यात, ट्रम्प इथे निमित्तमात्र आहेत. फटका बसतो तो पैसे देऊन मोकळे होणाऱ्यांना, आणि त्यात या मालिकेला पैसे पुरवणारेही आले.

विनोद कुणावर आहे हे ओळखायची साधी कसोटी मी वापरतो. नक्कल काढून टाका, मग काय उरतं ते पाहा. मालिकेचे निर्माते ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनाही ती कसोटी नेहमी जमलेली नाही. २००६च्या ‘मॅनबेअरपिग’ भागात माजी उपाध्यक्ष अल गोर शाळेत येऊन एका राक्षसाबद्दल सावध करतात, आणि हा राक्षस म्हणजे हवामानबदलाचं रूपक. अर्धा माणूस, अर्धं अस्वल, अर्धं डुक्कर. कुणालाही तो दिसत नाही. गोर यांचा आव, ‘मी अगदी गंभीर आहे’ हे पालुपद, लक्ष वेधून घ्यायची केविलवाणी हौस, सगळं अचूक पकडलंय. पण नक्कल काढली तर उरतो एवढाच दावा, की हवामानबदल हे एका एकाकी माणसाच्या डोक्यातलं खूळ आहे. नेता हास्यास्पद ठरला की त्याचं म्हणणंही खोटं ठरतं, अशी ती वाट. प्रेक्षकाला काहीच टोचत नाही. उलट हातावर हात ठेवून बसण्याला शहाणपणाचं प्रमाणपत्र मिळतं. सगळ्यांना सारखंच झोडपणारी म्हणून या मालिकेचं कौतुक होतं, पण सगळ्यांना झोडपताना काहीही न करणारा तेवढा सुटतो.

२०१८ मध्ये याच जोडीने दोन भाग करून ही बाजू फिरवली. राक्षस खरा निघतो, माणसं फाडून खातो, आणि मुलांना गोर यांच्या दारात जाऊन चूक कबूल करावी लागते. लोकांनी याला माफीनामा म्हटलं. मला त्यातला दुसरा धागा जास्त मोलाचा वाटतो. राक्षसाशी आधीच करार झालेला असतो, आणि तो केलेला असतो या मुलांतल्या स्टॅनच्या आजोबांच्या पिढीने, मोटारी आणि उंची आइस्क्रीमच्या बदल्यात. आता नवा करार करायला गावकरी टेबलावर बसतात. राक्षस कायमचा जायला तयार आहे, फक्त सोया सॉस आणि ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा व्हिडिओ गेम सोडा म्हणतो. ते काही त्यांना जमत नाही. मग पाच वर्षांनी त्याने परत यावं आणि आणखी माणसं खावीत, गरीब देशांतली मुलं तर त्याचीच, अशा अटींवर सह्या होतात. इथे कुणाचीच नक्कल नाही. हसता हसता ज्याच्या हातात सोया सॉसची बाटली आहे, तोच लक्ष्य आहे.

२०१८चं गाव आणि २०२५चं गाव एकच. दोन्ही वेळा सही करून मोकळं होणारं. म्हणून २७व्या सीझनला ‘ट्रम्पविरोधी’ म्हणणं मला अपुरं वाटतं.

अर्थात विडंबनाचा गोंगाट मोठा असतो आणि त्याखाली हे दबतं. या सीझनच्या दुसऱ्याच भागात शाळेचे समुपदेशक मिस्टर मॅकी यांची नोकरी जाते आणि पोटासाठी ते स्थलांतरितांना पकडणाऱ्या ‘आइस’मध्ये भरती होतात. मवाळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस तोंडावर मुखवटा चढवून धाडीला निघतो. सीझनमधला सर्वांत धारदार धागा हाच. चर्चा मात्र झाली ती तेव्हाच्या गृहसुरक्षा मंत्री क्रिस्टी नोएम यांच्या वितळणाऱ्या चेहऱ्याची. बायकांच्या दिसण्यावर विनोद करणं आळशीपणाचं आहे, असं उत्तर देऊन त्या मोकळ्या झाल्या. मुद्दा धाडींचा होता, पण चेहऱ्याने त्यांना पळवाट दिली. आणि त्यांच्या खात्याने तर भाग दाखवला जाण्याआधीच, त्याच्या जाहिरातीतलं मुखवटेधारी जवानांचं चित्र उचलून ‘आइस’च्या भरतीसाठी वापरलं.