वजाबाकी करून लिहिलेली तक्रार

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका बाईंनी आपल्या इंटरनेट कंपनीला लिहिलेले दीड पानी पत्र मला वाचायला मिळाले. त्या घरून हिशेबाची कामे करतात आणि रात्री नऊनंतर त्यांचे काम अडून बसते. पत्रात ‘मनस्ताप’ नाही, ‘वारंवार’ नाही, ‘अत्यंत निकृष्ट’ तर नाहीच. विषयाच्या ओळीत ग्राहक क्रमांक, १०० एमबीपीएसचा प्लॅन आणि सोमवार ते रविवार हा कालावधी एवढेच आहे. पहिले वाक्य असे : “सोबतच्या सर्व नोंदी वायफाय बंद ठेवून, राउटरला केबलने जोडलेल्या एकाच लॅपटॉपवर घेतल्या आहेत.”

या एका वाक्यावर सगळे पत्र उभे आहे. कस्टमर केअरचे पहिले उत्तर ठरलेले असते : भिंत आड येत असेल, मोबाइल जुना असेल, घरात चार जण व्हिडिओ पाहत असतील. बाईंनी या शक्यता आधीच वजा केल्या. चाचणीच्या वेळी बाकी सगळी यंत्रे बंद होती आणि आठवडाभर चाचणीचा सर्व्हरही एकच होता, हे त्या पुढच्याच ओळीत सांगतात. सर्व्हर दर वेळी बदलला असता तर आकडे एकमेकांशी ताडताच आले नसते.

मग तक्ता येतो. रोज सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री साडेनऊ. सकाळचे आकडे ९१ ते ९४, दुपारचे ऐंशीच्या आसपास, रात्रीचे ११ ते १६. तक्रारदार बहुधा वाईट आकडेच जोडतात. इथे चांगले आकडे आहेत, आणि पत्राचा खरा जोर त्यांच्यातच आहे. तक्त्याखाली त्या लिहितात : “जी वायर सकाळी ९३ देते तीच रात्री १२ देते.” वायर दुमडली असती, जोड ढिला असता किंवा राउटर बिघडला असता, तर त्याने घड्याळ पाहिले नसते. रोज ठरावीक वेळी वेग पडतो, तेव्हा भागातल्या सगळ्या ग्राहकांत वाटून दिलेली क्षमता संध्याकाळच्या गर्दीला पुरत नाही, हाच निष्कर्ष सर्वांत जवळचा. बाई तो शब्दांत मांडत नाहीत. कंपनीच्या इंजिनिअरला तो तक्त्यातच दिसेल, हा त्यांचा भरवसा मला फार आवडला.

दुसरा भाग नेट गेल्याच्या वेळांचा. मंगळवारी दुपारी ४.१० ते ५.३५ या नोंदीपुढे दोन गोष्टी आहेत : राउटरवरचा LOS चा दिवा लाल, आणि पिंगचे निकाल. `ping 192.168.1.1` ला, म्हणजे घरातल्या राउटरला, लगेच उत्तर येत होते. `ping 8.8.8.8` ला मात्र उत्तर नव्हते. लॅपटॉप ते राउटर वाट शाबूत होती आणि फायबरमधून प्रकाश येत नव्हता. म्हणजे दोष राउटरच्या पलीकडे.

गुरुवारची नोंद याहून सुंदर आहे. वळवाचा पाऊस आला, भागातली वीज गेली, घरचा इन्व्हर्टर चालू होता, तरी दिवा लाल झाला. फायबर तुटला किंवा कंपनीच्या स्थानिक यंत्राची वीज गेली, तर घरातला दिवा दोन्ही वेळा सारखाच लाल दिसतो. बाईंनी पाऊण तास लिहिला आणि पुढे नोंदवले : “वीज नव्हती. बेरजेत धरलेले नाही.” हा पाऊण तास सोडून दिल्यामुळे उरलेले प्रत्येक मिनिट वाचणाऱ्याला खरे वाटू लागते.

एक उणीव मात्र सांगायला हवी. निवडलेला सर्व्हर कोल्हापुरातलाच आहे. जवळच्या सर्व्हरपर्यंतचा वेग चांगला दिसूनही बाहेरच्या साइट रखडू शकतात. रात्रीची एक चाचणी मुंबईच्या सर्व्हरवर घेतली असती, तर चित्र पुरे झाले असते. अर्थात, प्रत्येक चाचणी बराच डेटा खाते आणि त्यांच्या प्लॅनला मर्यादा आहे, हेही खरे.

मागणीचा परिच्छेद तीन ओळींचा. जाहिरातीत ‘१०० पर्यंत’ असे असते हे जाणून त्या शंभराचा हट्ट धरत नाहीत. रात्री साडेनऊला माणूस पाठवा, याच केबलवर मोजा, कारण लेखी द्या, आणि ते जमत नसेल तर जादा आकार न घेता कमी दराचा प्लॅन द्या. शेवटी फोनवरच्या तक्रारीचा डॉकेट क्रमांक आणि ट्रायच्या २०१२ च्या नियमांचा उल्लेख आहे. उत्तराने समाधान झाले नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. कोर्टाची धमकी कुठेच नाही. अपिलात जे कागद लागतील ते सगळे या पत्राला आधीच जोडलेले आहेत.