एका ओळीचं सूत्र, दोन तारांमधलं अंतर

पेणहून रोह्याकडे जाणारा लोहमार्ग साधारण उत्तर-दक्षिण धावतो आणि त्याच्या पूर्वेला डोंगर उठतात. इंजिनाला वीज देणारी तार रुळांच्या सोबतीने जाते. तिच्या वरून उच्च दाबाची दुसरी तार तिरकी ओलांडून डोंगराकडे चढत गेली आहे, असं समजू. या दोन तारा एकमेकींना छेदत नाहीत आणि समांतरही नाहीत. अशा जोडीला वर्गात सगळे ‘स्क्यू लाइन्स’ म्हणतात. त्यांच्यातलं सर्वांत कमी अंतर बारावीच्या पुस्तकात एका ओळीत येतं:

d = |(a₂ − a₁) · (b₁ × b₂)| / |b₁ × b₂|

यात a₁ आणि a₂ हे दोन रेषांवरचे कोणतेही बिंदू, तर b₁ आणि b₂ या रेषांच्या दिशा. पाठ करणाऱ्याला ही ओळ रूक्ष वाटते. तिचं सौंदर्य ‘कोणतेही’ या शब्दात आहे. जवळचे बिंदू शोधायचे आहेत, आणि सूत्र म्हणतं, वाटेल ते घ्या!

ही सवलत कशी परवडते? दोन दिशांचा सदिश गुणाकार b₁ × b₂ दोन्ही रेषांना लंब असतो. त्याला n म्हणू. आता एका रेषेवरून दुसरीवर जाणारा कोणताही जोडसदिश घ्या. त्याचं एक टोक आपल्या रेषेवर सरकवलं, तर त्यात b₁ किंवा b₂ ची काही पट मिसळते. पण हे दोन्ही n ला लंब असल्याने n वरचा प्रक्षेप तसूभरही बदलत नाही. पत्त्यांचा कॅट एका बाजूला रेलवला तरी त्याची उंची तेवढीच राहते, तसंच हे. शिवाय कोणत्याही सदिशाची लांबी त्याच्या प्रक्षेपाहून कमी असू शकत नाही. म्हणजे हा न बदलणारा प्रक्षेप हेच किमान अंतर, आणि जोडसदिश स्वतः n च्या दिशेत आला की ते प्रत्यक्षात गाठलं जातं. कलनाला हातही न लावता सिद्धता पुरी झाली.

आता आकडे घालून पाहू. ते हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. x पूर्वेकडे, y उत्तरेकडे, z वर, सगळं मीटरमध्ये. रुळांवरची तार (0, 0, 0) मधून (0, 1, 0) या दिशेने जाते. वरची तार (0, 0, 13) मधून (12, 9, 5) या दिशेने चढते. म्हणजे ओलांडण्याच्या जागी ओळंबा सोडला तर अंतर 13 मीटर भरतं. सदिश गुणाकार येतो (5, 0, −12) आणि त्याची लांबी 13. जोडसदिश (0, 0, 13) घेतला तर अदिश गुणाकार −156. चिन्ह सोडून 13 ने भागलं की उत्तर 12 मीटर. ओळंब्यापेक्षा एक मीटर कमी!

सवलत खरी आहे का, तेही तपासू. खालच्या तारेवर 100 मीटर उत्तरेचा (0, 100, 0) आणि वरच्या तारेवरचा (24, 18, 23) असे दूरचे बिंदू घेऊ. जोडसदिश (24, −82, 23). गुणाकार 120 − 276, म्हणजे पुन्हा −156. उत्तर तेच, 12.

घोटाळा होतो तो छेदाशी. |n| ने भागायचं राहिलं तर अंतराऐवजी 156 हाती लागतं आणि एवढ्या मोठ्या आकड्याने चूक लगेच उघडी पडते. n ची चूक मात्र लपून राहते. म्हणून n चा दोन्ही दिशांशी अदिश गुणाकार करून शून्य येतं का, ते आधी पाहावं. इथे (12, 9, 5) बरोबर 60 − 60, म्हणजे ठीक. रेषा समांतर असतील तर n च शून्य होतो आणि सूत्र 0/0 वर अडतं. तिथे एका रेषेवरच्या बिंदूपासून दुसरीवर लंब टाकणं हाच मार्ग.

सूत्र आणखी एका बाबतीत गप्प आहे. अंतर किती ते सांगतं, कुठे ते सांगत नाही. त्यासाठी वरच्या तारेवरचं स्थान t ने आणि खालच्या तारेवरचं s ने दाखवून जोडसदिश (12t, 9t − s, 13 + 5t) हा n ला समांतर आहे असं मांडावं लागतं. त्यातून t = −5/13 आणि s = −45/13 मिळतात. म्हणजे सर्वांत जवळची जागा ओलांडणीच्या ठिकाणाहून सुमारे साडेतीन मीटर दक्षिणेला आहे आणि वरच्या तारेवरचा बिंदू सुमारे 4.6 मीटर पश्चिमेला, तार जिकडे उतरते तिकडे.

हे t महत्त्वाचं, कारण सूत्रातल्या रेषांना टोकं नसतात. वरची तार दोन मनोऱ्यांमध्ये झोळ घेऊन लोंबते, त्यामुळे तिला सरळ धरणं ओलांडणीच्या आसपासच चालतं. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात दोन तिरके पाइप घेतले, तर ते सरळ असतात पण मध्येच संपतात. समजा आपल्या वरच्या रेषेच्या जागी पाइप आहे आणि तो t = −0.2 लाच संपतो. मग −5/13 चा बिंदू पाइपवर नाहीच. खरं किमान अंतर टोकापासून मोजावं लागतं आणि ते सुमारे 12.24 मीटर येतं. म्हणून d काढल्यावर t आणि s दोन्ही टोकांच्या आत आहेत का, हे पाहिल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारू नये.