विठ्ठलाच्या ओळीतली चार मात्रांची जागा

न्यू जर्सीत आमच्या मंडळाचे भजन दर शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या बेसमेंटमध्ये होते. अभंग, गवळण, आरती हे सगळीकडे असते तसेच आहे. पण त्यातला शेवटचा नामगजर मी इतर कुठे ऐकलेला नाही. तो ज्यांनी बांधला त्या आमच्या भाऊंवर लेख लिहू का असे विचारले, तर भाऊ म्हणाले, "माह्यावर नको लिहू बाप्पा, गजरावर लिही." म्हणून गजरावरच लिहितो.

भाऊ गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव तालुक्यातले. त्यांच्या लहानपणी तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा झाला 1999 साली, तोवर भाऊ अमेरिकेत येऊन रुळले होते. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात ते खंजिरी शिकले. तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्यांनी गावात ऐकली, त्यांच्या हातात एक प्रकारचा ठाम ठेका बसलेला असतो, तो भाऊंच्या हातात अजून आहे. इथल्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने खंजिरीचे चामडे ताणते आणि आवाज चढतो, त्यावर भाऊ दर वर्षी न चुकता कुरकुरतात.

नामगजराची अडचण प्रत्येक भजनकऱ्याला ठाऊक आहे. एकच नाव दहा-पंधरा मिनिटे घेतले की तोंड चालू राहते आणि मन उठून जाते. कुणी घड्याळ बघतो, कुणी स्वयंपाकघरातला कुकर मोजतो. 1907 साली अमेरिकेतच सेव्हरन्स आणि वॉशबर्न या मानसशास्त्राच्या दोन अभ्यासक स्त्रियांनी प्रयोगांतून नोंदवले होते, की छापलेल्या एका शब्दाकडे सतत पाहत राहिले की काही मिनिटांत त्याचा अर्थ सुटतो आणि समोर नुसता आकार उरतो. कानाचेही तसेच होते. लय वाढवत नेणे हा यावरचा नेहमीचा उपाय. त्याने अंगात जोर येतो हे खरे, पण लक्ष नावावर राहते की ठेक्यावर, याची मला शंका आहे.

भाऊंनी दुसरी वाट घेतली. नाव तेच ठेवायचे आणि ओळीतला एकच शब्द सावकाश बदलत न्यायचा. ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. बारशाच्या पाळण्यात दर कडव्याला दिवस पुढे सरकतो आणि जोजवणारे पालुपद तेच राहते. गोंधळी ठिकठिकाणच्या देवांना बोलावतो, तिथे देव बदलतात आणि बोलावणे तेच असते. भाऊंनी गोंधळ्याची रीत उलटी केली. देव जागचा हलत नाही, बाकीचे जग त्याच्या शेजारून जाते.

ओळ अशी आहे: विठ्ठल विठ्ठल, माती विठ्ठल. पाच वेळा झाली की 'माती'च्या जागी 'पाणी' येते. मग नांगर, पऱ्हे, रोवणी, लोंबी, दाणा आणि शेवटी पंगत. शब्द आठच, आणि सगळे धानाच्या शेतातले. ज्यांनी झाडीपट्टीतली बांधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपे. आधी एका तुकड्यात ती दाट वाढवतात आणि मग उपटून चिखलात रोवतात. आमच्यातल्या पुण्याकडच्या मंडळींना हे पहिल्या दिवशी समजावून द्यावे लागले आणि इथे जन्मलेल्या पोरांना तर धान आणि तांदूळ यांतला फरकही. सावता माळ्यांनी अरणच्या मळ्यात भाजीपाल्यात विठ्ठल पाहिला, त्याच वाटेवरचा हा विचार आहे. भाऊ मात्र त्याबद्दल बोलत नाहीत, ते मात्रांबद्दल बोलतात.

'विठ्ठल' या शब्दाच्या चार मात्रा. 'वि'वर जोडाक्षराचा भार पडतो म्हणून त्याच्या दोन, मग ठ आणि ल यांची एकेक. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे एका आवर्तनात दोन विठ्ठल नेमके बसतात. ओळीत शब्द चार आहेत, म्हणून सोळा मात्रा, दोन आवर्तने. बदलत्या शब्दाला चार मात्रांची जागा मिळते आणि त्याने तेवढ्यातच मावायचे. माती, पाणी, दाणा, लोंबी हे शब्द दोन दीर्घ अक्षरांचे म्हणून बिनबोभाट बसतात. नांगरचे पहिले अक्षर मुळातच दीर्घ आहे, पंगतचे अनुस्वाराने जड होते, म्हणून त्यांतही चार भरतात. 'पऱ्हे' तीनचा, त्याचा शेवट एक मात्रा लांबवायचा. 'रोवणी' लिहिताना पाच मात्रांची दिसते, पण आपण 'व' पुरता उच्चारत नाही, म्हणून तोंडात ती चारच होते. 'तांदूळ' भाऊंनी पुष्कळ आळवून पाहिला. त्याचा 'दू' आखडला तर कानाला खुपतो आणि नाही आखडला तर पुढच्या विठ्ठलाच्या अंगावर येतो. शेवटी त्याला काढून 'दाणा' आणला. राम घेऊन गजर बांधायचा असेल तर हिशोब बदलतो. राम तीन मात्रांचा, त्याला सहा मात्रांचा दादरा बरा आणि बदलते शब्दही तिनाचे शोधावे लागतात.

हा शब्द ओळीत कुठे ठेवायचा, हा या बांधणीतला सगळ्यांत नाजूक भाग. सुरुवातीला भाऊंनी तो ओळीच्या तोंडाशीच ठेवला होता: माती विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल. त्याने घोटाळा व्हायचा. भाऊ नवा शब्द म्हणत, पाठोपाठ टाळकऱ्यांना पहिल्याच मात्रेवर तोच शब्द उचलावा लागे. निम्मे लोक जुना शब्द म्हणत, निम्मे नवा, आणि पुढचे तीन विठ्ठल त्या गोंधळात हरवत. शब्द तिसऱ्या जागी नेल्यावर आधी आठ मात्रा नाव येते. आमची सुरुवातीची लय मिनिटाला ऐंशी मात्रांची, म्हणजे शब्दापाशी पोचायला सहा सेकंद मिळतात. तेवढ्यात मागच्या रांगेतलाही सावध होतो. शिवाय शब्दानंतर पुन्हा नाव येते आणि ओळ नावावरच टेकते. शब्दाला नावाने दोन्हीकडून धरून ठेवले पाहिजे, असे भाऊ म्हणतात आणि ते खरे आहे.

आता किती वेळा म्हणायचे ते. ऐंशीच्या लयीत एक ओळ बारा सेकंदांची. भाऊ एकदा म्हणतात, सगळे एकदा म्हणतात, मिळून चोवीस सेकंद. अशा पाच फेऱ्या झाल्या की एका शब्दाला दोन मिनिटे होतात आणि आठ शब्दांना सोळा. दर फेरीला शब्द बदलून पाहिला तेव्हा भजनाचे कोडे झाले. लोक पुढचा शब्द ओळखायच्या नादी लागले, पोरे पैजा मारायला लागली आणि विठ्ठल नुसता मधल्या जागा भरण्यापुरता उरला. दहा फेऱ्या ठेवल्या तेव्हा सातव्या-आठव्या फेरीला आवाज सपाट पडू लागला. पाच हा आमच्या पंचवीस-तीस माणसांच्या मंडळीला तेव्हा मानवलेला आकडा, शास्त्र नव्हे.

शब्दांच्या क्रमातही एक खोच आहे. पहिल्या यादीत पाण्यानंतर लगेच पऱ्हे होते. शेतीच्या दृष्टीने ते बरोबरच, पाऊस आला की पऱ्ह्यांची तयारी. पण दोन्ही शब्द 'प'ने सुरू होतात, मागे बसलेल्याला बदल झाल्याचे वेळेत कळत नाही. मध्ये नांगर घातल्यावर ती अडचण गेली. शेजारच्या दोन शब्दांचे पहिले अक्षर वेगळे वाजले पाहिजे. रोवणी आणि लोंबी यांत ओकार सारखाच असल्याने तिथे अजूनही कुणी तरी घसरतो. भाऊ ते बदलत नाहीत. त्यांच्या मते रोवणीच्या पुढे लोंबीच हवी.

बदल जमला की नाही, हे नव्या शब्दानंतरच्या पहिल्या सामूहिक ओळीत कळते. तिथे जुना शब्द किती तोंडांतून आला, ते भाऊ कान देऊन ऐकतात. दोन-चार आले तर ठीक. निम्मे आले तर खूण कमी पडली. खूण म्हणजे शब्दाच्या शेवटच्या फेरीत भाऊ पहिला विठ्ठल वरच्या स्वरात घेतात, तेवढेच. तोंडाने काही सांगत नाहीत. आणि जुना शब्द एकाच्याही तोंडून आला नाही, तर भाऊंना आनंद होण्याऐवजी काळजी वाटते. मंडळी एक तर फार जागी असतात, नाही तर सगळे पाठ होऊन पुन्हा तोंडावर गेलेले असते.

काही महिन्यांनी नेमके हे दुसरेच झाले. आठही शब्द सगळ्यांना पाठ झाले, पाच फेऱ्याही अंगवळणी पडल्या आणि मन पुन्हा उठून जाऊ लागले. नवी यादी आणावी असे मी सुचवले. भाऊंनी यादी तीच ठेवली आणि फेऱ्या मोडल्या. आता माती चार वेळा, पाणी सहा वेळा, नांगर तीनच. कोणता शब्द येणार ते सगळ्यांना माहीत असते, कधी येणार ते भाऊंखेरीज कुणालाच नसते. वरच्या स्वराची खूण ऐकायची तर प्रत्येक फेरीतला पहिला विठ्ठल कान देऊन ऐकावाच लागतो, म्हणजे लक्ष आपोआप नावावर येते. मला वाटते या रचनेची खरी किमया इथे आहे. शब्दाच्या नवेपणाची गरज थोडे दिवसच असते, वेळेची अनिश्चितता मात्र जुनी होत नाही. अर्थात यासाठी नेतृत्व करणाऱ्याला स्वतः मोजत बसून चालत नाही, त्याने समोरच्या आवाजावर फेरी ठरवायची. मी एकदा भाऊंच्या गैरहजेरीत म्हणून पाहिले, तेव्हा हे किती अवघड आहे ते कळले.

पंगतीनंतर नववा शब्द नाही. त्या चार मात्रांत विठ्ठलच येतो. ओळ चार विठ्ठलांची होते, दोन मिनिटे ती ठायीत चालते आणि मग दुगुनीत जाते. इतका वेळ कान तिसऱ्या जागेवर बदलाची वाट पाहत असतात, तिथे नावच आले की ते नेहमीपेक्षा मोठे ऐकू येते. आठांहून जास्त शब्द भाऊ घेत नाहीत. एका एकादशीला बारा घेतले होते, तेव्हा दुगुनीपर्यंत पोचता पोचता टाळ थकले.

भाऊंना आता यादीबद्दल लोकांकडून ऐकायचे आहे. तुमच्या गावची आठ शब्दांची माळ असेल, कोकणातल्या होडीची असो की खानदेशातल्या कापसाची, तर लिहून आणा. प्रत्येक शब्द चार मात्रांत बसतो का ते मोठ्याने म्हणून पाहा आणि शेजारी-शेजारी एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द ठेवू नका. कार्तिकी एकादशीच्या भजनाला आपण त्यातली एक माळ म्हणणार आहोत.