उशिरा पोहोचणारे दुःख

रेमंड कार्व्हर या अमेरिकी कथाकाराची एक कथा दोन रूपांत छापलेली आहे. मुलाच्या वाढदिवसासाठी आई बेकरीत केक सांगून येते. वाढदिवसाच्याच सकाळी शाळेच्या वाटेवर मुलाला मोटारीची धडक बसते. तो उठतो, चालत घरी येतो आणि मग अशा झोपेत जातो की उठवून उठत नाही. आई-बाप हॉस्पिटलात खिळून बसलेले आणि केक न्यायला कोणी आले नाही म्हणून चिडलेला बेकरीवाला त्यांच्या घरी फोन करत राहतो. १९८१ च्या संग्रहात ही कथा ‘द बाथ’ या नावाने आली, तेव्हा संपादक गॉर्डन लिश याने हस्तलिखिताचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून टाकला होता. फोन वाजतो आणि कथा तिथेच तुटते. मुलगा जगला की गेला, ते कळत नाही. १९८३ च्या ‘कॅथीड्रल’मध्ये कार्व्हरने तीच कथा भरून परत आणली. मुलगा मरतो. आई-बाप रात्री बेकरीवर जाऊन थडकतात. बेकरीवाला त्यांना बसवून घेतो, माफी मागतो, गरम पाव पुढे ठेवतो आणि पहाटेपर्यंत तिघे बोलत राहतात.

मितभाषी गद्याची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘कमी शब्दांत जास्त परिणाम’ या हिशोबाने होते. ही जोडी वाचली की तो हिशोब चुकीचा वाटू लागतो, कारण इथे भावनेची जातच बदलली आहे. लिशच्या कात्रीत बेकरीवाल्याचा भूतकाळ गेला, त्याचे अपत्यहीन आयुष्य गेले, उरला फोनमधला एक आवाज. आई-बापही बराच वेळ नावाशिवाय वावरतात. त्यामुळे वाचकाच्या मनात धास्ती बसते, पण करुणेला धरायला माणूस सापडत नाही. लांब रूपात धास्ती विरते आणि दुःखाला सोबत मिळते. अर्थात ते रूपही काही अलंकृत नाही, नुसते भरलेले आहे. लिशने कापलेला तो १९८१ चा संग्रह छापू नये म्हणून कार्व्हरने जुलै १९८० मध्ये लिशला काकुळतीचे पत्र लिहिले होते. तरी पुस्तक निघाले आणि त्याच पुस्तकाने कार्व्हरला मिनिमलिस्ट म्हणून ख्याती मिळवून दिली.

मराठीत कात्रीचा असा पुरावा हाती नाही, पण दोन टोके मात्र स्पष्ट दिसतात: व्यंकटेश माडगूळकर आणि जी. ए. कुलकर्णी. ‘बनगरवाडी’ (१९५५) ही धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तराची हकिगत. शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडतात आणि मास्तरही निघतो. एवढ्या विध्वंसाला माडगूळकर एकही उसासा खर्च करत नाहीत. तरी ते पान वाचून होते आणि मग पोटात काहीतरी हलते. याचे श्रेय शेवटच्या वाक्यांच्या काटकसरीला देण्याची पद्धत आहे, मला ते अर्धेच खरे वाटते. आधीच्या प्रकरणांत शाळेत पोरे कशी जमली, वाडीने तालीम कशी उभी केली, कारभारी मास्तराशी कसा वागला, हे सगळे बारीकसारीक तपशिलासह आलेले असते. शेवटी ओसाड वाडी दिसते तेव्हा वाचक आपणहून त्या तपशिलांकडे परततो आणि काय गेले याची मोजदाद करतो. तुटक वाक्याची किंमत अशी आधीच चुकती केलेली असते. मागची शंभर पाने नसतील तर ते वाक्य नुसतेच तुटक.

जी.एं.च्या ‘पिंगळावेळ’मधली ‘स्वामी’ उलट मार्गाने जाते. एक वाटसरू मठात अडकतो, त्याला जमिनीखालच्या कोठडीत स्वामी म्हणून कोंडले जाते आणि तिथे तो एक वेल वाढवतो. वेल उजेडाकडे चढते, माणूस खालीच राहतो. ही घटना एवढ्या दोन वाक्यांत सांगता येते, पण तिचा परिणाम त्यांत मावत नाही. जी.एं.ची लांब, प्रतिमांनी जड झालेली वाक्ये वाचकाला कोठडीच्या वेळेत डांबून ठेवतात. वाक्य संपत नाही, कारण त्या माणसाचा दिवस संपत नाही. माडगूळकरांकडे भावना वाक्य संपल्यावर येते. इथे ती वाक्य चालू असतानाच येते आणि वाक्य संपले की ओसरूही लागते. हा वेळेचा फरक मला शब्दसंख्येपेक्षा मोठा वाटतो.

एक साधा प्रसंग घेऊ. आई गेल्यानंतर मुलगा तिच्या वस्तू आवरतो आहे. ‘त्याने चष्मा पुसला आणि डबीत ठेवला. डबी मिटेना. एक काडी वाकलेली होती.’ इथे शोकाचा शब्द नाही. काडी कधी वाकली, कोणी वाकवली, हे वाचक शोधू लागतो आणि त्या शोधात आई उभी राहते. आता याच्यापुढे ‘घरात भयाण शांतता होती’ एवढे जोडून पाहा. वाचकाचे काम लेखकाने उरकून टाकले, काडी निकामी झाली. तोच प्रसंग भरगच्च करायचा तर शांततेला विशेषणे लावून भागणार नाही. ‘ज्या काचांतून तिने तीस वर्षे तांदळातले खडे, त्याच्या वहीतल्या चुका आणि दाराआडून येणाऱ्या बापाच्या पावलांचा रंग पारखला होता, त्या काचा पुसताना त्याला प्रथमच दिसले की त्या बाहेरून नव्हे, आतून धुरकटल्या आहेत.’ या वाक्यात एक संसार शिरला. बाप दारू पिऊन येत असेल का, ही शंका तिथे आहे आणि आधीच्या तीन वाक्यांत ती नव्हती. अलंकरणाने माहिती वाढवली पाहिजे, नाहीतर ते ओझे.

माझी एक कसोटी आहे. उपमा उचलून दुसऱ्या कथेत ठेवावी. तिथेही ती तितकीच शोभली तर ती पहिल्या कथेची नव्हतीच. फडके-खांडेकरांच्या पिढीतल्या पुष्कळ उपमा या परीक्षेत पडतात, चंद्र आणि फुले कोणत्याही नायिकेला चालतात. मितभाषी लेखनासाठी प्रश्न वेगळा विचारावा लागतो: काय गाळले ते लेखकाला ठाऊक आहे का? हेमिंग्वेने १९३२ मध्येच बजावले होते की लेखकाला माहीत असलेले गाळले तर वाचकाला ते जाणवते आणि माहीत नसल्याने गाळले तर मजकुरात नुसती पोकळी राहते. आजच्या दिवाळी अंकांत ही पोकळी मला फार भेटते. दर वाक्याला नवा परिच्छेद, खिडकी, पाऊस, थंड झालेला चहा, आणि शेवटी कोणीतरी काहीच न बोलता निघून जाते. न बोलण्यामागे काय होते, असे विचारले तर कथेत त्याचे उत्तर नसते.

गरिबी आणि अपमान साध्या शब्दांतच सांगावेत, अलंकार हा सुखवस्तूंचा चाळा, असाही एक समज रुळला आहे. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ने (१९६३) तो कधीच मोडायला हवा होता. तिथले गद्य तापलेले, उसळणारे आहे. तो संताप काटकसरीत मावला नसता. अलीकडे जयंत पवारांनी ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’मध्ये गिरणगावासाठी पुन्हा दाट, अनेक आवाजांचे गद्य वापरले. मुंबईच्या त्या भागात एकाच चाळीत दंतकथा, बातमी आणि शिवी एकत्र नांदत असतील, तर तिथे दोन शब्दांचे वाक्य सत्याला जवळचे कशावरून?

काय ठेवायचे आणि काय गाळायचे यावरून राम पटवर्धन, श्री. पु. भागवत यांच्यासारखे संपादक लेखकाशी हस्तलिखितावर वाद घालत. आज कथा बऱ्याचदा शब्दमर्यादेच्या चौकटीत मागवली जाते आणि काय गाळायचे हे जागेवरून ठरते. लिशने चुकीचे कापले असे ज्यांना वाटते, त्यांनाही एवढे मान्य करावे लागेल की त्याने कथा वाचून कापली होती.