खिडकीतील रंग कोठून येतो?

परभणी जिल्ह्यातील आमच्या वाचकांपैकी काहींनी मेदकचे चर्च पाहिले असेल. परभणी आणि मेदक हे दोन्ही जिल्हे एके काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मेथॉडिस्ट मिशनऱ्यांनी उभारलेले हे मंदिर 1924 साली उपासनेसाठी खुले झाले. तेथील तीन भव्य चित्रकाचा लंडनचे चित्रकार फ्रँक सॅलिस्बरी यांच्या आहेत. प्रभूचे स्वर्गारोहण, ख्रिस्तजन्म आणि क्रूसावरील मरण हे त्यांचे विषय. पाहून आलेले लोक एक गोष्ट नवलाने सांगतात : सूर्य मावळला की चित्र दिसेनासे होते.

हे नवल एकट्या मेदकचे नाही. चित्रकाचेची ती व्याख्याच आहे. भिंतीवरचे चित्र प्रकाश परतवते, तर काचेतले चित्र प्रकाश आत येऊ देते. असे असूनही आपण खिडकीकडे भिंतीवरच्या तसबिरीच्या कसोट्या घेऊनच जातो. चेहरा हुबेहूब आहे का, वस्त्राच्या चुण्या खऱ्या वाटतात का, एवढेच पाहतो. या कलेची खरी कसोटी हवी असेल, तर ती ज्यांनी घडवली त्या मध्ययुगीन कारागिरांच्या भट्टीपाशी जावे लागेल.

बाराव्या शतकाच्या आरंभी थिओफिलस नावाच्या संन्यासी कारागिराने या कामाची रीत लिहून ठेवली. बीच वृक्षाच्या लाकडाची राख दोन भाग आणि धुऊन स्वच्छ केलेली नदीची वाळू एक भाग, हे त्याचे प्रमाण. राखेतील क्षारामुळे वाळू कमी आचेवर वितळते. हा रस फुंकनळीच्या टोकावर घेऊन फुगवायचा, त्याला लांबट नळकांड्याचा आकार द्यायचा, ते उभे चिरायचे आणि पुन्हा तापवून सपाट करायचे. अशा काचेत बुडबुडे राहत आणि जाडीही कमीजास्त होई. आज हा दोष वाटेल. पण त्यामुळेच एकाच तुकड्यात रंग कोठे गडद, कोठे फिका होई आणि प्रकाश एकसुरी न होता थरथरे.

रंग वितळत्या रसातच मिसळलेला असे. कोबाल्टने निळा रंग येई, आणि त्यासाठी शेकड्यात एक भागाहूनही पुष्कळ कमी कोबाल्ट पुरे. तांब्याला भट्टीत प्राणवायू भरपूर मिळाला तर हिरवट निळा रंग येई. धुरकट, कोंडलेल्या आचेत तेच तांबे तांबडे होई. राखेतच थोडे लोह आणि मँगनीज असे. त्यामुळे वेगळे काही न घालताही, केवळ आच आणि वेळ बदलल्याने, काच कधी पिवळसर, कधी मनुष्याच्या कांतीसारखी, तर कधी जांभळट होई. थिओफिलसने हे पाहून नोंदवले आहे. कारागिराला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. तो भट्टीची नजर ओळखत होता.

तांबड्याची अडचण निराळी होती. तांब्याची तांबडी काच इतकी गडद होते, की खिडकीच्या जाडीचा पत्रा जवळजवळ काळाच दिसतो. म्हणून पांढऱ्या काचेवर तांबड्याचा अगदी पातळ थर चढवीत. तुकड्याची कड पाहिली की हा थर ओळखता येतो.

पुढचे काम फळ्यावर चाले. चुन्याने पांढऱ्या केलेल्या मोठ्या फळ्यावर खिडकीचा पूर्ण आकाराचा आराखडा काढीत आणि कोणत्या तुकड्याला कोणता रंग, हेही तेथेच लिहीत. तापलेल्या लोखंडाने काच तडकवून तुकडे पाडीत, मग खाच असलेल्या लोखंडी हत्याराने कडा कुरतडून नेमका आकार देत. यानंतर कुंचला हाती येई, पण तो एकाच काळपट रंगाचा. धातूच्या भस्मात काचेची पूड घालून ते मद्यात किंवा मूत्रात खलत. त्याने डोळे, केस आणि चुण्यांच्या रेषा काढून तुकडे पुन्हा भाजत. म्हणजे हा रंग प्रकाश देण्यासाठी नव्हता, अडवण्यासाठी होता. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी चांदीच्या क्षाराने काचेवर पिवळी छटा आणण्याची युक्ती आली. त्याआधी रंग बदलायचा तर तुकडाच बदलावा लागे.

तुकडे जोडण्यासाठी शिशाच्या पट्ट्या असत. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खोबणींत काच बसवून सांध्यांना कथलाचा डाख देत. फटींत चुनखडी आणि जवसाच्या तेलाचा लांबा भरला की पाऊस आत येत नसे. शिसे मऊ असल्याने मोठी खिडकी स्वतःचा भार पेलू शकत नाही. म्हणून ती लहान लहान चौकटींत करून दगडात रोवलेल्या लोखंडी गजांवर बसवीत. गजांच्या आणि शिशाच्या काळ्या रेषा आपल्याला व्यत्यय वाटतात, पण मध्ययुगीन कारागिराने चित्राची मुख्य रेषा तेथेच योजलेली असते.

फ्रान्समधील शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये याचा पुरावा पाहावा. तेथील 'बेल व्हेरिएर' या खिडकीत बालयेशूला मांडीवर घेतलेल्या पवित्र मरियेच्या मध्यवर्ती चौकटी बाराव्या शतकातल्या आहेत. 1194 च्या आगीतून त्या वाचल्या; तेराव्या शतकात त्यांच्याभोवती देवदूतांच्या नव्या चौकटी जोडण्यात आल्या. चौकटी सुट्या निघतात म्हणूनच हे जोडकाम शक्य झाले. याच कारणाने दोन्ही महायुद्धांत शार्त्रच्या काचा उतरवून सुरक्षित ठेवता आल्या. मरियेच्या वस्त्राचा फिकट निळा तांबड्या पार्श्वभूमीवर उजळून पुढे येतो. चेहरा मोजक्या रेषांचा आहे, त्यात हुबेहूबपणा नाही. वस्त्राची छाया कुंचल्याने फारशी आणलेली नाही. ती काचेच्याच गडद-फिक्यातून येते.

या काचेचे दुखणेही राखेतच आहे. राखेतील क्षार पावसाच्या व दमट हवेच्या ओलीने हळूहळू झिरपून जातो, बाहेरच्या पृष्ठभागावर खळगे पडतात आणि पांढुरकी खपली धरते. बाराव्या शतकातील काही निळ्या काचा सोड्याच्या क्षाराच्या आहेत. शेजारच्या काचा काळवंडल्या तरी त्या निर्मळ राहिल्या. शिसेही कालांतराने थकते, सांधे चिरतात आणि चौकट पोट काढते.

आता मेदककडे परत येऊ. सॅलिस्बरी मूळचे व्यक्तिचित्रकार. पण तरुणपणी त्यांनी भावाच्या चित्रकाचेच्या कारखान्यात उमेदवारी केली होती. त्यांच्या खिडक्या वास्तववादी चित्रासारख्या आहेत. प्रसंग चटकन कळतो, मुद्रा बोलक्या आहेत. आमच्या मते हेच त्यांचे बळ आणि हीच त्यांची मर्यादा. तेथे काच चित्राची सेवा करते. शार्त्रला चित्र काचेची सेवा करते.

हा भेद आपल्या धर्मग्रामांच्या उपयोगाचा आहे. कोठे नव्या मंदिराच्या खिडक्यांचा प्रश्न निघाला, की साध्या काचेवर छापील रंगीत पापुद्रा चिकटवण्याची सूचना हमखास येते. तो स्वस्त असतो, हे मान्य. परंतु परभणीच्या उन्हात वरवरचा रंग विटतो आणि कडा सुटतात. कोबाल्टचा निळा मात्र काच आहे तोवर टिकतो. शिवाय फिकट काच आमच्या उन्हात डोळे दिपवते. शार्त्रसारखी गडद काच त्याच उन्हाला आवरते. म्हणून सबंध खिडकीवर संतांच्या छापील प्रतिमा लावण्यापेक्षा वेदीमागे चार-सहा खऱ्या रंगीत तुकड्यांची, शिशात बसवलेली एकच लहान चौकट असावी, असे आम्ही म्हणू. तिच्यात चेहरा नसला तरी चालेल.